जिल्ह्याचा आकडा आणि त्या जिल्ह्यातलं मूल

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी 2019 ते 2021 या काळात झाली. देशातल्या 707 जिल्ह्यांमधल्या 6 लाख 36 हजारांहून अधिक कुटुंबांची माहिती तिच्यात घेतली गेली आणि प्रत्येक जिल्ह्याची स्वतंत्र माहितीपत्रिका निघाली. अशी पत्रिका हाती आली की दोन रकाने शेजारी ठेवून पाहायचा मोह होतोच. ज्या जिल्ह्यांत आदिवासी लोकसंख्या जास्त, तिथं वाढ खुंटलेली, म्हणजे वयाच्या मानानं उंचीनं कमी असलेली मुलं जास्त. एवढं दिसलं की पुढचं वाक्य बिनबोभाट लिहिलं जातं: आदिवासी मुलांची वाढ खुंटते. त्याच्याही पुढचं वाक्य त्यांच्या खाण्यापिण्यावर, चालीरीतींवर ठपका ठेवणारं असतं.

समूहाच्या आकड्यावरून व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढण्याच्या या चुकीला संख्याशास्त्रात ‘इकॉलॉजिकल फॅलसी’ म्हणतात. तिच्याभोवती काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज: जिल्ह्यात आदिवासी बहुसंख्य आणि वाढ खुंटलेली मुलंही पुष्कळ, म्हणजे ती मुलं मुख्यतः आदिवासीच असणार.

आकडे मांडून पाहू. 2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात आदिवासींचं प्रमाण 69 टक्क्यांच्या आसपास होतं. त्याच धर्तीचा एक काल्पनिक जिल्हा घ्या. तिथल्या दर 100 मुलांपैकी 70 आदिवासी, 30 इतर, आणि 100 पैकी 46 मुलांची वाढ खुंटलेली. एवढंच आपल्याला माहीत आहे. ही 46 मुलं कोणत्या घरांतली, हे पत्रिका सांगत नाही.

एक टोक असं की ती सगळी आदिवासी घरांतली आहेत. मग 70 पैकी 46, म्हणजे आदिवासी मुलांमधलं प्रमाण सुमारे 66 टक्के आणि इतरांमधलं शून्य. दुसरं टोक असं की इतर समाजांतली सगळी 30 मुलं त्यांत आहेत. मग आदिवासींच्या वाट्याला उरतात 16. सत्तरात सोळा म्हणजे सुमारे 23 टक्के, आणि इतरांमध्ये मात्र शंभर टक्के. दोन्ही टोकं प्रत्यक्षात येणं अवघड, पण जिल्ह्याचा आकडा दोन्हींशी तंतोतंत जुळतो. म्हणजे आदिवासी मुलांबद्दल त्या पत्रिकेतून निघतं ते इतकंच: प्रमाण 23 ते 66 टक्क्यांच्या मधे कुठंतरी असेल. इतर मुलांबद्दल तर काहीच निघत नाही, शून्यापासून शंभरापर्यंत काहीही असू शकतं.

ही मर्यादा काढण्याची रीत डंकन आणि डेव्हिस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1953 मध्ये मांडली. शाळेतल्या वजाबाकी-भागाकारापलीकडे तिला काही लागत नाही, आणि तरी ती फार क्वचित वापरली जाते याचं मला वाईट वाटतं.

गैरसमज: एका जिल्ह्याचं ठीक, पण शेकडो जिल्ह्यांत तोच कल दिसला की शंका उरत नाही.

दोन जिल्हे घ्या. पहिल्यात 70 टक्के मुलं आदिवासी आणि एकूण 46 टक्के मुलांची वाढ खुंटलेली. दुसऱ्यात 10 टक्के आदिवासी आणि 26 टक्के मुलांची वाढ खुंटलेली. आता समजा, पहिल्या जिल्ह्यात आदिवासी आणि इतर अशा दोन्ही गटांतलं प्रमाण 46 च आहे आणि दुसऱ्यात दोन्ही गटांतलं 26 च. कोणत्याही जिल्ह्याच्या आत दोन गटांत फरक नाही. फरक आहे तो ठिकाणाचा: उपकेंद्र किती लांब, पिण्याचं पाणी कसलं, दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर किती घरं बाहेर पडतात. दुर्गम भागात राहणाऱ्या प्रत्येकाला तो भोगावा लागतो. असे पाचशे जिल्हे मांडले तरी आलेखावरची रेघ चढतीच दिसेल आणि समाजाबद्दलचा निष्कर्ष तरीही चुकीचाच राहील.

डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी 1950 मध्ये हेच खऱ्या आकड्यांवर दाखवलं. त्यांनी अमेरिकेची 1930 ची जनगणना घेतली. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथं निरक्षरता कमी होती. सहसंबंध उणे 0.53. यावरून स्थलांतरित लोक जास्त साक्षर होते असं कुणीही म्हणालं असतं. पण व्यक्तीव्यक्तीच्या पातळीवर सहसंबंध अधिक 0.12 निघाला, म्हणजे स्थलांतरितांमध्ये निरक्षरता थोडी जास्तच होती. ते वस्तीला गेले होते अशा राज्यांत, जिथले मूळ रहिवासी अधिक साक्षर होते. चिन्हच उलटलं ते यामुळं. आपल्याकडं ठाणे, पुणे अशा जिल्ह्यांत कामासाठी आलेल्या कुटुंबांबद्दल जिल्ह्याच्या आकड्यांवरून बोलताना हाच धोका असतो. शहराची सरासरी चांगली असते, आणि बांधकामावरच्या पालांतलं मूल त्या सरासरीत दिसेनासं होतं.

गैरसमज: सहसंबंध इतका जोरदार आहे, तर त्यात तथ्य असणारच.

रॉबिन्सन यांचंच दुसरं उदाहरण. कृष्णवर्णीय असणं आणि निरक्षरता यांचा व्यक्तींच्या पातळीवरचा सहसंबंध 0.20 होता. तोच राज्यांच्या पातळीवर 0.77 झाला आणि देशाचे नऊ विभाग घेतल्यावर 0.95. माणसं तीच आणि जनगणनाही तीच, फक्त गठ्ठे मोठे केले. गठ्ठा मोठा होतो तसे आतले फरक सरासरीत विरून जातात आणि उरलेले बिंदू रेघेवर ओळीनं बसतात. त्यामुळं जिल्ह्यांच्या आलेखावरची सुबक रेघ पाहून विश्वास वाढवू नये.

गैरसमज: मग जिल्हानिहाय आकडे कुचकामीच.

मुळीच नाही. प्रश्न जिल्ह्याचा असेल तर उत्तर जिल्ह्याच्या आकड्यातच आहे. पोषण पुनर्वसन केंद्र कुठं उघडायचं, वैद्यकीय अधिकाऱ्यांची रिक्त पदं आधी कुठं भरायची, हे त्यावरूनच ठरवावं. काही गोष्टी तर मुळात समूहाच्याच असतात. गोवर लसीकरण 95 टक्क्यांवर गेलं की लस न घेतलेल्या मुलालाही बरंचसं संरक्षण मिळतं. ते संरक्षण त्या मुलाच्या स्वतःच्या नोंदीत शोधून सापडणार नाही.

मात्र यातही एक खाच आहे. समजा, एका मोठ्या जिल्ह्यात पाच वर्षांखालची 5 लाख मुलं आहेत आणि 30 टक्क्यांची वाढ खुंटलेली आहे. ती झाली दीड लाख. लहान जिल्ह्यात दीड लाख मुलं आणि 46 टक्के. ती झाली 69 हजार. नकाशावर लाल रंग दुसऱ्या जिल्ह्याला मिळतो, पण मदतीची गरज असलेली दुपटीहून जास्त मुलं पहिल्या जिल्ह्यात असतात.

गैरसमज: व्यक्तीची माहिती मिळत नाही, म्हणून जिल्ह्यावर भागवावं लागतं.

याच सर्वेक्षणात प्रत्येक घराच्या नोंदी घेतलेल्या असतात: मुलाची उंची, आईचं शिक्षण, समाज, घरातली साधनं. नावगाव वगळून त्या नोंदी संशोधकांना अभ्यासासाठी दिल्या जातात. त्यांतून आदिवासी मुलांमध्ये वाढ खुंटण्याचं प्रमाण खरोखरच जास्त आढळतं. पण त्यात गरिबीचा आणि आईच्या शिक्षणाचा वाटा किती, हे त्याच नोंदी एकत्र मांडून तपासता येतं. जिल्ह्याच्या दोन रकान्यांतून ते कधीच निघत नाही.

म्हणून वाचकाला आणि बातमी लिहिणाऱ्यालाही एक विनंती. दोन्ही गोष्टी एकाच मुलाबद्दल विचारल्या होत्या का, की दोन सरासऱ्या शेजारी ठेवल्या आहेत, एवढं आधी पाहा. सरासऱ्याच असतील तर ‘असे लोक जास्त असलेल्या जिल्ह्यांत हा प्रश्न जास्त आहे’ इतकंच लिहा, आणि ‘या लोकांत हा प्रश्न जास्त आहे’ हे वाक्य घरोघरच्या नोंदी पाहिल्याशिवाय छापू नका.