बेरीज जुळते, पेपर चुकतो

बी.एड. केलेल्या प्रत्येकाने संविधान तक्ता एकदा तरी आखलेला असतो. उभ्या बाजूला घटक, आडव्या बाजूला ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य ही उद्दिष्टे आणि चौकटीत गुण. बेंजामिन ब्लूम यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या विचारांच्या पायऱ्यांचे हे आपल्याकडचे आटोपशीर रूप. नोकरी लागल्यावर मात बहुतेक ठिकाणी उलटा कारभार चालतो: आधी पेपर काढायचा आणि मग फाइलीसाठी त्याला शोभेल असा तक्ता भरायचा. असा तक्ता कधीच चुकत नाही, म्हणून त्याचा उपयोगही नसतो.

खरी तपासणी कशी होते, ते दहावीच्या विज्ञानाच्या वीस गुणांच्या एका नमुना चाचणीवर पाहू. घटक तीन: उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन आणि भिंगे. शिकवायला अनुक्रमे ८, ६ आणि ६ तासिका लागल्या असे धरू, म्हणजे गुणांचा भारांशही तोच. उद्दिष्टांत ज्ञानाला ६, आकलनाला ६, उपयोजनाला ६ आणि आकृती काढण्याच्या कौशल्याला २ गुण ठरवले.

पेपर तयार झाला. तपासणाऱ्या शिक्षकाने पेपर काढणाऱ्याचा तक्ता बघायचा नाही, ही पहिली अट. तो नुसते प्रश्न वाचतो, प्रत्येकापुढे घटक आणि उद्दिष्ट स्वतः लिहितो आणि मग दोन्ही तक्ते शेजारी ठेवतो. शेवटच्या ओळीत आणि शेवटच्या रकान्यात बेरजा अगदी बरोबर येतात. इथेच बरेच जण सही करून मोकळे होतात. पण आतल्या चौकटी वेगळेच सांगतात. अपवर्तनाच्या सहापैकी चार गुण व्याख्या आणि नियमांना गेले आहेत आणि उपयोजनाला शून्य. भिंगांत ज्ञानाला शून्य, आकृतीला दोन आणि उरलेले चारही गुण उदाहरणांना. एकीकडची कमतरता दुसरीकडच्या जास्तीने झाकली गेली, म्हणून बेरजेत काही दिसले नाही.

भिंगांची ती दोन उदाहरणे तर एकाच सूत्रावरची आहेत. ज्या मुलाला चिन्ह संकेत नीट आठवला नाही, त्याने वस्तूचे अंतर धन घेतले की एकाच चुकीला दोनदा शिक्षा. त्याला भिंगे समजली नाहीत, असा निष्कर्ष मात्र गुणपत्रक काढते.

उष्णतेत उपयोजनाचे म्हणून दोन गुण दाखवले आहेत. प्रश्न असा: थंड प्रदेशातील जलचरांना जिवंत ठेवण्यात पाण्याच्या असंगत वर्तनाची भूमिका स्पष्ट करा. दिसायला हे उपयोजनच. पण हा प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायातच आहे आणि त्याचे उत्तर बहुतेक वर्गांत फळ्यावर लिहून दिलेले असते. मग मुलाने केले काय, तर आठवले. प्रश्नातल्या क्रियापदावरून पायरी ठरवण्याची सवय इथे फसवते. ‘स्पष्ट करा’ म्हटल्याने कोणी स्पष्टीकरण शोधत नाही. वर्गात काय झाले होते हे ज्याला ठाऊक आहे, तोच पायरी सांगू शकतो. म्हणून तपासणारा शक्यतो त्याच इयत्तेला शिकवणारा असावा.

दुरुस्ती फार मोठी नाही. भिंगांचे एक उदाहरण काढून तिथे नाभी आणि नाभीय अंतर विचारायचे. अपवर्तनातल्या व्याख्यांचे दोन गुण कमी करून विचारायचे की, पारदर्शक द्रवात बुडवलेला काचेचा ठोकळा दिसेनासा झाला, तर त्या द्रवाच्या अपवर्तनांकाबद्दल काय सांगता येईल आणि का. जलचरांच्या प्रश्नाऐवजी असे विचारता येईल: पाणी ४ अंशांखालीही इतर द्रवांसारखे आकुंचन पावत राहिले असते, तर तळ्यावर बर्फ धरण्यापूर्वी तळाच्या पाण्याचे तापमान किती झाले असते? उत्तर शून्य अंश. पण ते कुठे लिहिलेले नाही, विचार करूनच काढावे लागते.

एवढे करूनही भिंगांच्या ओळीत आकलनाची चौकट रिकामीच राहते. राहू द्यावी. वीस गुणांत बारा चौकटी भरायला गेलो तर एकेका गुणाचे तुकडे पडतात आणि सलग विचार करायला लावणारा प्रश्नच उरत नाही. संपूर्ण ओळ किंवा संपूर्ण रकाना कोरा नसला म्हणजे पुरे.

विकल्पांकडे मात्र कडक नजरेने बघावे. ‘तीनपैकी दोन सोडवा’ म्हणताना एक प्रश्न व्याख्येचा आणि दुसरा उदाहरणाचा असेल, तर प्रत्येक मूल वेगळाच पेपर सोडवते आणि तक्ता त्यांतल्या एकाचेही वर्णन करत नाही. पर्यायी प्रश्न एकाच चौकटीतले हवेत.

परीक्षेनंतर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा चाळला की तक्त्याची आणखी एक तपासणी होते. उपयोजनाच्या प्रश्नाला तीस मुलांनी शब्दन् शब्द सारखे वाक्य लिहिले असेल, तर त्याचे गुण पुढच्या वेळी ज्ञानाच्या रकान्यात टाकावेत.