चालेल म्हणणाऱ्याच्या घड्याळात किती वाजलेत?

२०२४ची भाऊबीज रविवारी, ३ नोव्हेंबरला होती. मी पुण्यात, बहीण कॅलिफोर्नियात सॅन होजेला आणि धाकटा भाऊ मेलबर्नला. व्हिडिओ कॉलवरच ओवाळायचं ठरलं. आईच्या सोयीने ग्रुपवर मेसेज टाकला, ‘रविवारी रात्री साडेआठ.’ भावाने अंगठा दाखवला, बहिणीने ‘डन’ म्हटलं.

साडेआठला आम्ही हजर. भाऊही आला, मुलं झोपलेली म्हणून हळू आवाजात बोलत. बहिणीचा पत्ता नाही. ती तबक, निरांजन घेऊन हसत आली तेव्हा आमच्याकडे साडेनऊ झाले होते. “मी तर वेळेवर आलेय, आठ वाजलेत!” ती म्हणाली. तेवढ्यात भावाच्या मागचं भिंतीवरचं घड्याळ दिसलं. त्यात पहाटेचे तीन वाजले होते. त्याच्याकडे सोमवार उजाडायच्या बेतात होता आणि सकाळी ऑफिस होतं. दोन वाजता उठून तो तासभर नुसता बसून राहिला होता, आणि ‘तुला किती वाजता पडेल?’ असं आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. भारताचं घड्याळ वर्षभर एकाच जागी असतं. अमेरिकेच्या बहुतेक भागात मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. नेमका तोच तो रविवार. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे असतं, म्हणून बहिणीचा एक सोपा आडाखा होता : पुण्याच्या वेळेतून अर्धा तास वजा करायचा आणि सकाळची रात्र, रात्रीची सकाळ करायची. साडेआठचे आठ. पण त्या पहाटे तिथलं घड्याळ मागे गेलं आणि अंतर साडेतेरा तासांचं झालं. आता अर्ध्याऐवजी दीड तास वजा करायला हवा होता. पुण्यातले रात्रीचे साडेआठ म्हणजे तिच्याकडचे सकाळचे सात. फोनमधलं घड्याळ आपोआप बदललं, डोक्यातला आडाखा तोच राहिला.

मेलबर्नची तऱ्हा उलटी. तिथला उन्हाळा आपल्या हिवाळ्यात येतो. त्यामुळे घड्याळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे जातं आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतं. एरवी मेलबर्न आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असतं, त्या काळात साडेपाच. ब्रिटनमध्ये हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. म्हणजे २०२६ साली ८ मार्चला अमेरिका, २९ मार्चला ब्रिटन आणि ५ एप्रिलला मेलबर्न. महिनाभरात अंतरं तीनदा बदलणार. या तीन तारखा आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने गोल करून ठेवल्या आहेत.

आम्ही तिघंच होतो तोवर सोपं होतं. पुण्यातल्या रविवारी सकाळी साडेसातला मेलबर्नला दुपारचा एक आणि सॅन होजेला शनिवारची संध्याकाळ, सहा वाजलेले. हा हिवाळ्यातला हिशोब. उन्हाळ्यात तो एकेका तासाने सरकतो, पण कोणाच्याही झोपेवर येत नाही. मग गेल्या सप्टेंबरात माझी मुलगी शिकायला लंडनला गेली. आमची सकाळची साडेसात म्हणजे तिच्या हिवाळ्यातले रात्रीचे दोन.

चौघांना सोयीची वेळ शोधायला मी वहीच्या पानावर चार रकाने आखले. तासभर खटपट केल्यावर एवढंच कळलं, की अशी वेळ नाही. तेव्हा प्रश्न बदलला : गैरसोय कोणाच्या वाट्याला आणि किती वेळा?

हिवाळ्यापुरत्या तीन वेळा काढल्या आणि महिन्याला एक अशी पाळी लावली. पहिली, रविवारी सकाळी साडेसात. यात लंडन नाही. मुलीने उठावं अशी अपेक्षाच ठेवायची नाही, आजी तिच्याशी दुपारी वेगळी बोलते. दुसरी, रविवारी दुपारी बारा. मेलबर्नला संध्याकाळचे साडेपाच, पण मुलीला सकाळी साडेसहाला उठावं लागतं आणि बहिणीला शनिवारी रात्री साडेदहापर्यंत जागावं लागतं. तिसरी, शनिवारी संध्याकाळी साडेसात. लंडनला दुपारचे दोन, सॅन होजेला सकाळचे सहा आणि मेलबर्नला रात्रीचा एक. शनिवार मुद्दाम घेतला. जागरण झालंच तर दुसऱ्या दिवशी भावाला सुट्टी असते. भाऊबीजेला आम्ही नेमकं हेच विसरलो होतो.

पाळी लावण्याआधी ‘कोणाला कधी जमेल’ हे विचारून पाहिलं होतं. उपयोग शून्य. आई म्हणते, “मला काय, कधीही.” भाऊ म्हणतो, “चालेल.” आपल्याकडे ‘चालेल’ हा होकारही असतो आणि मोठ्यांपुढे गिळलेला नकारही. म्हणून प्रश्न उलटा केला : ‘कुठल्या वेळी अजिबात जमणार नाही?’ मग आईने सांगितलं, की दुपारी एकला जेवून ती आडवी होते. बहिणीने सांगितलं, की संध्याकाळी सातनंतर मुलाची आंघोळ आणि झोप. हे आधी कोणी बोललं नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं.

निरोप कसा लिहायचा हेही आता ठरलं आहे. हिशोब वाचणाऱ्यावर सोडायचा नाही. प्रत्येक गावाची वेळ वारासकट लिहायची. डिसेंबरचा निरोप असा होता :

‘पुणे : शनिवार १३, संध्याकाळी ७:३०
लंडन : शनिवार १३, दुपारी २
सॅन होजे : शनिवार १३, सकाळी ६
मेलबर्न : रविवार १४, रात्री १ (शनिवारी जेवून झोपाल ती रात्र)
या वेळी त्रास मेलबर्नला आहे. आधी त्याच्याशी बोलू, तो वीस मिनिटांत निघेल. डोळा लागला तर झोपावं, फोन करून कोणी उठवणार नाही.’

कंसातली ओळ फालतू वाटेल, पण ‘रविवारी रात्री एक’ हे वाचून निम्मी माणसं रविवार संपताना येतात आणि चोवीस तास चुकतात. ‘रात्री बारा’ तर लिहूच नये, तो कोणत्या दिवसाचा यावर घरात दोन मतं असतातच.

याशिवाय फोनच्या कॅलेंडरमधून आमंत्रण जातं, ते मात्र पुण्यातूनच. आमंत्रणाला ज्या गावाची वेळ लावली असेल ते गाव स्थिर राहतं आणि बाकीची हलतात. बहिणीने दर महिन्याचं आमंत्रण तिच्या वेळेने केलं असतं, तर मार्चमध्ये आईची वेळ तासभर अलीकडे आली असती. आमंत्रणाच्या टाइम झोनमध्ये Asia/Kolkata निवडलं, की पुण्याची वेळ हलत नाही आणि प्रत्येकाला आपापल्या घड्याळाची वेळ दिसते. एवढं करूनही घड्याळ बदलण्याच्या आठवड्यात निरोप नव्याने लिहावा लागतो, कारण पुण्याची वेळ तीच राहिली तरी मुलीची साडेसहाची सकाळ साडेसातवर जाते.

तेरा डिसेंबरला भाऊ आला. स्वेटर नव्हता, कारण तिकडे उन्हाळा. आईने आधी त्याला विचारलं, “तुझ्याकडे किती वाजले रे?” उत्तर तिला माहीत होतं, निरोप तिनेच वहीत उतरवून घेतला होता. “एक,” तो म्हणाला. वीस मिनिटांनी तिनेच त्याला झोपायला पाठवलं.