नोकरी गेली, हप्ता चालू आहे: बँकेला पत्र लिहायचं ते कधी आणि कसं

मागच्या व्हिडिओत आपण दुकानाच्या भांडवलाचं गणित केलं. आज त्याच्या आधीचा प्रश्न घेऊ. मुंबई-पुण्यातली नोकरी अचानक गेली, तुम्ही देवरूखला परत आलात, इथे काहीतरी सुरू करायचं मनात आहे, पण डोक्यावर जुन्या घराचं कर्ज आहे. अशा वेळी बँकेला काय लिहायचं?

आधी बँक तुमच्याकडे कशी बघते ते समजून घ्या. आपल्या दुकानात उधारीवाले दोन प्रकारचे असतात. एक जण महिना संपायच्या आधी येऊन सांगतो, "यावेळी निम्मे देतो, उरलेले गणपतीनंतर." दुसरा समोरून येताना दिसलात की रस्ता बदलतो. पुढच्या वेळी माल कुणाला द्यायचा हे आपण मनात ठरवून टाकतो. बँकही ठरवते, फक्त तिच्याकडे त्यासाठी तारखा असतात.

समजा हप्ता 5 मे चा आहे आणि तो चुकला. थकबाकीला 30 दिवस झाले की, म्हणजे 4 जूनला, खातं बँकेच्या यादीत एक पायरी खाली जातं. 4 जुलैला आणखी एक पायरी. 3 ऑगस्टला 90 दिवस भरतात आणि खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादित होतं. त्यानंतर एखादा हप्ता भरून ते परत वर येत नाही, सगळी थकबाकी एकदम भरावी लागते. म्हणून पत्राची योग्य वेळ हप्ता चुकायच्या आधीची. नोकरी 31 मार्चला गेली असेल तर मार्चच्या पगारातून एप्रिलचा हप्ता भरा आणि त्याच आठवड्यात पत्र द्या. खातं स्वच्छ असताना दिलेलं पत्र आणि दोन हप्ते परत गेल्यावर दिलेलं पत्र, शब्द तेच असले तरी बँकेत वेगळं वाचलं जातं.

आता एक गोष्ट, जी फार कमी लोक सांगतात. पुनर्रचना म्हणजे सवलत, आणि तिची किंमत असते. 2020 मध्ये कोविडच्या काळात रिझर्व्ह बँकेने 6 ऑगस्टला खास योजना आणली होती. 1 मार्च 2020 ला ज्यांची थकबाकी 30 दिवसांपेक्षा जास्त नव्हती, त्यांच्या वैयक्तिक कर्जांना जास्तीत जास्त दोन वर्षांची मुदतवाढ देता येत होती आणि तरीही खातं एनपीए धरलं जात नव्हतं. मे 2021 मध्ये तशीच दुसरी योजना आली. त्या खिडक्या बंद झाल्या. मुंबईहून गावी आलेले बरेच जण अजून "मोरॅटोरियम मिळतो ना?" असं विचारतात, ते त्या आठवणीतून. पण साधारण नियम असा आहे की कर्जदार अडचणीत आहे म्हणून बँकेने हप्ता किंवा मुदत सैल केली, तर ते खातं एनपीए दाखवावं लागतं. सवलतीचा काळ संपल्यावर किमान एक वर्ष नीट फेड केल्यावरच ते वर येऊ शकतं. व्यवस्थापक हात आखडता घेतात ते याच कारणाने, आणि तुमच्या क्रेडिट रिपोर्टवरही ती नोंद दिसते. उद्या दुकानासाठी मुद्रा कर्ज मागायला गेलात की तीच नोंद समोर येते.

त्यामुळे पत्र लिहायच्या आधी एक आकडा काढा: महिन्याची तूट. उदाहरण घेऊ. एक फ्रिज-एसी दुरुस्तीचा तंत्रज्ञ, बदलापूरला वन बीएचके घेतलेला. कर्ज शिल्लक 12,00,000 रुपये, व्याज 9 टक्के, मुदत उरली 10 वर्षं, हप्ता 15,201. कंपनीने काम बंद केलं, हिशोबाचे पैसे मिळालेले नाहीत. तो बायको-मुलासह देवरूखला वडिलांच्या घरी आला आणि बदलापूरचा फ्लॅट भाड्याने दिला. भाडं येतं 8,000. बायको इथे एका खाजगी दवाखान्यात कामाला लागली, पगार 11,000. घरखर्चातला त्याचा वाटा 8,000 आणि फ्लॅटचा सोसायटी मेंटेनन्स 1,500 (हा लोक हमखास विसरतात). म्हणजे 19,000 मधून 9,500 गेले, हातात राहिले 9,500. हप्त्याला कमी पडतात 5,701. बँकेत शिल्लक 22,000.

22,000 ने ही तूट चार महिनेसुद्धा भरून निघत नाही, आणि त्यात एखादं आजारपण आलं तर तेही नाही. याने पत्र लिहायला हवं. पण हाच माणूस हिशोबाचे दीड-दोन लाख घेऊन आला असता, तर मी त्याला सांगितलं असतं की पत्र लिहू नकोस. वर्षभराची तूट 68,412 होते. तेवढे पैसे बाजूला ठेव, हप्ता वेळेवर भर आणि दुकान उरलेल्या पैशात छोटं सुरू कर. आलेली रक्कम सगळी दुकानात घालायची आणि घराच्या हप्त्यासाठी बँकेकडे सवलत मागायची, हा सौदा वाईट आहे. कारण पुढचं व्यवसाय कर्ज त्याच नोंदीवर अडतं. कर्जासोबत विमा घेतला असेल तर तोही एकदा वाचा, काहींमध्ये नोकरी गेल्यास दोन-तीन हप्त्यांचं कलम असतं.

आता मागायचं काय? "हप्ता माफ करा" असं लिहू नका, तसं काही नसतं. सहा महिने काहीच न भरण्याची सवलत मागितली तर व्याज चढत राहतं आणि 12,00,000 चे साधारण 12,55,000 होतात. त्यापेक्षा सहा महिने फक्त व्याज भरायची परवानगी मागा. इथे ते महिन्याला 9,000 आहे. 9,500 हातात असताना ते भरता येतं आणि मुद्दल वाढत नाही. त्यानंतर दोन वर्षांची एकूण मुदतवाढ धरली तर उरलेले 138 हप्ते सुमारे 13,988 चे पडतात. मूळ कर्जाच्या तुलनेत एकूण 1,60,000 च्या आसपास जास्त जातात. हा आकडा घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

पत्र असं लिहा. मराठीत चालतं, पण फाइल पुढे विभागीय कार्यालयात जाते, म्हणून विषयाची ओळ आणि खाते क्रमांक इंग्रजीतही लिहिलेला बरा.

"प्रति, शाखा व्यवस्थापक.
विषय: गृहकर्ज खाते क्र. ____ च्या परतफेडीची पुनर्रचना करण्याबाबत.

महोदय,
माझी नोकरी 31 मार्च रोजी कंपनीचे काम बंद झाल्याने संपली. सेवासमाप्तीचे पत्र जोडले आहे. एप्रिलपर्यंतचे सर्व हप्ते वेळेवर भरले आहेत, आज कोणतीही थकबाकी नाही.

सध्या कुटुंबाचे मासिक उत्पन्न 19,000 रुपये (भाडे 8,000, पत्नीचा पगार 11,000) आणि खर्च 9,500 रुपये आहे. त्यामुळे 15,201 रुपयांचा हप्ता मे पासून भरणे शक्य होणार नाही.

माझी विनंती: मे ते ऑक्टोबर हे सहा महिने फक्त व्याज (सुमारे 9,000 रुपये) भरण्याची परवानगी द्यावी आणि कर्जाची एकूण मुदत 24 महिन्यांनी वाढवावी.

मी देवरूख येथे फ्रिज-एसी दुरुस्तीचे काम सुरू करत आहे. चार हॉटेलांशी देखभालीचे बोलणे झाले आहे. नोव्हेंबरपर्यंत खर्च वजा जाता किमान 8,000 रुपये मासिक उत्पन्नाचा अंदाज आहे. त्यानंतर नवीन हप्ता भरता येईल.

या बदलानंतर खात्याचे वर्गीकरण आणि क्रेडिट संस्थेकडील नोंद कशी राहील, तसेच कोणते शुल्क लागेल, हे कृपया लेखी कळवावे.

सोबत: सेवासमाप्ती पत्र, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचे खाते उतारे, भाडेकरार, पत्नीच्या पगाराचा पुरावा."

बघा, यात आजारी आई नाही, मुलाची शाळा नाही. दुःख खरं असतं, पण व्यवस्थापकाला वर पाठवायच्या टिपणात आकडे लिहावे लागतात, ते तुम्हीच हातात द्या. 8,000 चा अंदाज मुद्दाम कमी ठेवलाय. 25,000 लिहिलंत तर ते विचारतील, मग सवलत कशाला? 9,500 अधिक 8,000 म्हणजे 17,500, त्यातून 13,988 जातात. हे गणित जुळतं म्हणून विनंती टिकते.

पत्र कर्जाच्या मूळ शाखेत द्यायचं, इथे बदलापूरला. देवरूखच्या शाखेत दिलंत तर ती फार तर पुढे पाठवेल. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, शिवाय ईमेलही करा. फोनवर "ठीक आहे, बघतो" म्हणाले म्हणजे काही झालेलं नसतं. मंजुरीचं पत्र, नवीन हप्त्यांचा तक्ता आणि पूरक करारावर सही होईपर्यंत ईसीएस तोच जुना 15,201 चा आकडा घेऊन खात्यावर येणार आणि पैसे नसतील तर परत गेल्याचा दंड लागणार. दंडाबद्दल एवढं लक्षात ठेवा: 1 एप्रिल 2024 पासून बँक दंडात्मक शुल्क लावू शकते, पण ते व्याजदरात मिसळून त्यावर पुन्हा व्याज आकारू शकत नाही. उताऱ्यात तसं दिसलं तर विचारा.

जामीनदार असेल तर त्याला आधी सांगा. कराराच्या अटी त्याच्या संमतीशिवाय बदलल्या तर कायद्याने त्याची जबाबदारी सुटू शकते, म्हणून बँक त्यालाही सहीला बोलावते. काकांना ही बातमी बँकेच्या फोनवरून कळली की सही अडते, आणि गणपतीत तोंड दाखवणंही अवघड होतं.

बँकेने नाही म्हटलं तर? तिच्यावर मंजुरीची सक्ती नाही, तो तिच्या धोरणाचा भाग आहे. पण उत्तर देणं तिचं काम आहे. उत्तर आलं नाही तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार द्या, आणि तिला 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, तेव्हा शिक्क्याची पोच लागते. कर्ज गावातल्या पतसंस्थेचं असेल तर हा रस्ता नाही, पतसंस्था सहकार खात्याखाली येतात. तिथे अर्ज संचालक मंडळाच्या नावाने द्या, सभेची तारीख विचारून, त्याच्या आठवडाभर आधी.