कार्बन डायऑक्साइडचे रसायनशास्त्र: हरितगृह परिणाम आणि महासागरांचे आम्लीकरण

कार्बन डायऑक्साइड (CO₂) हा कार्बनचा एक आणि ऑक्सिजनचे दोन अणू मिळून बनलेला रंगहीन वायू आहे. वातावरणात त्याचे प्रमाण अत्यल्प, म्हणजे हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे सुमारे ४२५ रेणू इतके आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हेच प्रमाण सुमारे २८० होते. ही वाढ दोन वेगवेगळ्या मार्गांनी परिणाम करते. हवेत राहिलेला वायू पृथ्वीने उत्सर्जित केलेली उष्णता शोषतो. समुद्रात विरघळलेला वायू पाण्याचे रासायनिक संतुलन बदलतो. पहिला परिणाम रेणूच्या कंपनांवर, तर दुसरा आम्ल व क्षार यांच्या अभिक्रियांवर अवलंबून आहे. त्यामुळे पृथ्वीचे तापमान मुळीच वाढले नसते, तरीही समुद्राचे आम्लीकरण झालेच असते.

रेणूची रचना आणि उष्णतेचे शोषण

सूर्याकडून येणारी ऊर्जा प्रामुख्याने दृश्य प्रकाश आणि लघु तरंगलांबीच्या अवरक्त प्रारणाच्या रूपात असते. पृथ्वीचा पृष्ठभाग सूर्यापेक्षा खूपच थंड असल्यामुळे तो घेतलेली ऊर्जा दीर्घ तरंगलांबीच्या अवरक्त प्रारणाच्या रूपात परत टाकतो. हे प्रारण १० मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक तीव्र असते.

अवरक्त प्रारण शोषण्यासाठी रेणूचे कंपन होताना त्यातील विद्युत प्रभाराची मांडणी बदलावी लागते. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या रेणूंत दोन्ही अणू सारखेच असतात. ते कितीही कंप पावले तरी दोन्ही टोके समसमान राहतात. म्हणून हवेचा ९९ टक्के भाग व्यापणारे हे दोन वायू या प्रारणाला जवळजवळ पारदर्शक आहेत.

CO₂ चा रेणू सरळ रेषेत असतो: मध्ये कार्बन आणि दोन्ही बाजूंस ऑक्सिजन. स्थिर असताना तोही समतोल असतो. दोन्ही ऑक्सिजन अणू एकाच वेळी बाहेर व एकाच वेळी आत सरकले, तर समतोल टिकतो आणि शोषण होत नाही. मात्र रेणू धनुष्यासारखा वाकला, की ऋण प्रभार एका बाजूस व धन प्रभार दुसऱ्या बाजूस सरकतो. या वाकण्याच्या कंपनाला १५ मायक्रोमीटर तरंगलांबीचे प्रारण जुळते, आणि पृथ्वीच्या उत्सर्जनाचा मोठा भाग याच परिसरात असतो. रेणूचे आणखी एक कंपन ४.३ मायक्रोमीटरजवळ तीव्र शोषण करते. परंतु त्या तरंगलांबीला पृथ्वी फारच कमी ऊर्जा बाहेर टाकत असल्याने हवामानाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व कमी आहे.

प्रारण शोषलेला रेणू ते लगेच परत फेकतो, असे चित्र अनेक पुस्तकांत आढळते. खालच्या वातावरणात बहुधा तसे घडत नाही. प्रारण परत सोडण्यापूर्वीच तो शेजारच्या नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या रेणूवर आदळतो व आपली ऊर्जा त्याला देतो. अशा रीतीने थोड्याशा CO₂ मुळे सगळी हवा तापते आणि तापलेल्या हवेतील CO₂ पुन्हा सर्व दिशांना प्रारण सोडतो.

संपृक्ततेचा आक्षेप

स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी CO₂ च्या वाढीमुळे पृथ्वीचे तापमान किती बदलेल, याचे गणित १८९६ साली मांडले. त्यांचेच देशबांधव क्नुट ऑंगस्ट्रॉम यांनी १९०० साली प्रयोगाच्या आधारे त्यावर आक्षेप घेतला: १५ मायक्रोमीटरचे प्रारण हवेतील CO₂ आधीच जवळजवळ पूर्ण शोषतो, तेव्हा वायू वाढल्याने शोषणात भर ती काय पडणार? हा आक्षेप आजही वारंवार पुढे येतो आणि तो वरवर पाहता बिनतोड वाटतो.

त्याचे उत्तर वातावरणाच्या वरच्या थरांत आहे. जमिनीलगत शोषलेले प्रारण थराथराने वर जाते आणि जेथे हवा पुरेशी विरळ होते, तेथून अवकाशात निसटते. CO₂ वाढला की ही निसटण्याची पातळी आणखी वर सरकते. उंचावरील हवा अधिक थंड असते व थंड वस्तू कमी प्रारण टाकते. परिणामी सूर्याकडून येणारी ऊर्जा तेवढीच राहून बाहेर जाणारी घटते, आणि पृष्ठभाग तापून दोन्ही पुन्हा समान होईपर्यंत ही तफावत राहते. याशिवाय १५ मायक्रोमीटरच्या दोन्ही कडांना, जेथे शोषण अपुरे असते, तेथेही भर पडत जाते.

मध्यभाग संपृक्त असल्यामुळे परिणाम मात्र प्रमाणाशी थेट न वाढता लघुगणकी पद्धतीने वाढतो. CO₂ चे प्रमाण दुप्पट झाल्यास दर चौरस मीटरमागे सुमारे ३.७ वॅट इतकी ऊर्जा अडते. मूळ प्रमाण २८० असो वा ५६०, दर दुपटीला ही भर जवळपास तेवढीच असते. २८० वरून ४२५ पर्यंतच्या वाढीसाठी हा आकडा सुमारे २.२ वॅट येतो.

समुद्राच्या पाण्यातील अभिक्रिया

माणसाने उत्सर्जित केलेल्या CO₂ पैकी सुमारे एक चतुर्थांश भाग महासागर शोषतात. ऑक्सिजन पाण्यात नुसता विरघळतो. CO₂ पाण्याशी अभिक्रियाही करतो:

CO₂ + H₂O ⇌ H₂CO₃ ⇌ H⁺ + HCO₃⁻ ⇌ 2H⁺ + CO₃²⁻

प्रथम कार्बनिक आम्ल, त्यातून हायड्रोजन आयन व बायकार्बोनेट आणि शेवटी कार्बोनेट, असा हा क्रम आहे. प्रत्येक पायरी दोन्ही दिशांनी चालते. समुद्राच्या पृष्ठजलात विरघळलेल्या अकार्बनी कार्बनच्या दर १०० अणूंपैकी सुमारे ९० बायकार्बोनेटच्या, ९ कार्बोनेटच्या आणि केवळ १ विरघळलेल्या CO₂ च्या रूपात असतो.

नवा CO₂ पाण्यात शिरला की हायड्रोजन आयन तयार होतात. परंतु त्यांतील बहुसंख्य आयनांना पाण्यातील कार्बोनेट पकडते व स्वतः बायकार्बोनेट बनते. एकूण अभिक्रिया अशी लिहिता येते:

CO₂ + CO₃²⁻ + H₂O → 2HCO₃⁻

समुद्राचा सामू एकदम कोसळत नाही, तो या अभिक्रियेमुळेच. पण हे संरक्षण फुकट मिळत नाही. शिंपले आणि प्रवाळ आपली कवचे कॅल्शियम कार्बोनेटची बांधतात आणि त्यासाठी लागणारे कार्बोनेटच येथे खर्ची पडते. कार्बोनेट घटत गेले की पाण्याची आणखी CO₂ सामावून घेण्याची क्षमताही कमी होत जाते.

औद्योगिक काळात पृष्ठजलाचा सरासरी सामू सुमारे ८.२ वरून ८.१ झाला. हा बदल नगण्य वाटतो. पण सामू हे लघुगणकी माप आहे. सामू ८.२ असताना एक लिटर पाण्यात हायड्रोजन आयन ६.३ नॅनोमोल असतात, तर ८.१ असताना ७.९ नॅनोमोल. म्हणजेच वाढ जवळपास २६ टक्के भरते. सामू ७ पेक्षा जास्त असल्याने समुद्र अद्याप अल्कधर्मीच आहे. ‘आम्लीकरण’ या शब्दाने बदलाची दिशा दाखवली जाते, समुद्र आम्ल झाल्याचे नव्हे.

कवच विरघळेल की टिकेल, हे कॅल्शियम व कार्बोनेट यांच्या संहतींच्या गुणाकारावर ठरते. हा गुणाकार खनिजाच्या विद्राव्यता गुणाकाराइतका असेल तर गुणोत्तर १ येते. त्याहून कमी झाल्यास उघडे कवच विरघळू लागते. प्रवाळ आणि कालवांच्या अळ्या कॅल्शियम कार्बोनेटचे ॲरागोनाइट हे रूप वापरतात, आणि ते कॅल्साइटपेक्षा अधिक सहज विरघळते. गुणोत्तर १ च्या वर असतानाही ते जसे घटते, तसे कवच बांधण्यास अधिक ऊर्जा लागते.

नेटार्ट्‌स उपसागरातील कालवे

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील नेटार्ट्‌स उपसागराच्या काठी कालवांच्या अळ्या वाढवणारे एक बीजोत्पादन केंद्र आहे. तेथे २००७ च्या सुमारास अळ्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. प्रथम संशय जिवाणूंवर गेला आणि त्यांचा बंदोबस्त करण्यात आला. मृत्यू मात्र थांबले नाहीत. पुढे पाण्याच्या मोजमापांतून असे दिसले, की किनाऱ्यावर उत्तरेकडील वारे वाहून खोल समुद्राचे थंड पाणी वर येते, त्याच सुमारास अळ्यांची वाढ खुंटते.

खोल पाण्यात सेंद्रिय पदार्थ कुजल्यामुळे CO₂ मुळातच अधिक असतो. हे पाणी काही दशकांपूर्वी पृष्ठभागावर असताना हवेतील वाढीव CO₂ ही त्यात मिसळला होता. नैसर्गिक भाग मोठा होता. माणसाने घातलेली भर पाण्याला सुरक्षित मर्यादेच्या खाली ढकलण्यास पुरेशी ठरली. कालवाची अळी जन्मानंतर सुमारे दोन दिवसांत, अंड्यातील साठवलेल्या ऊर्जेवरच, पहिले कवच बांधते. या काळात पाण्यात कार्बोनेट कमी असेल तर तिची ऊर्जा कवचातच संपते आणि ती पुढे अन्न घेण्याइतकी सावरत नाही. पूर्ण वाढलेली कालवे त्याच पाण्यात जगत होती, म्हणूनही कारण सापडण्यास वेळ लागला.

केंद्राने दोन उपाय केले. उपसागरातील वनस्पती दिवसभर प्रकाशसंश्लेषणासाठी CO₂ वापरत असल्याने पाणी पहाटेऐवजी दुपारनंतर घेतले जाऊ लागले, आणि टाक्यांत सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, मोजून घातला जाऊ लागला. टाक्यांपुरता हा उपाय लागू पडला. खुल्या समुद्रात तो करता येत नाही.

शालेय प्रयोग आणि त्यांच्या मर्यादा

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातल्यास ती दुधाळ होते, कारण न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. बहुतेक प्रकल्पवह्यांत प्रयोग येथेच संपतो. CO₂ सोडणे चालूच ठेवल्यास दुधाळपणा नाहीसा होऊन द्रावण पुन्हा स्वच्छ होते:

CaCO₃ + CO₂ + H₂O → Ca(HCO₃)₂

समुद्रातील कवचांवर घडणारी हीच अभिक्रिया आहे. मात्र उच्छ्वासात CO₂ सुमारे ४ टक्के, म्हणजे हवेच्या जवळपास शंभरपट असतो. त्यामुळे प्रयोगात काही मिनिटांत दिसणारा बदल समुद्रात त्या वेगाने होत नाही.

खाण्याचे मीठ पाण्यात विरघळवून केलेले ‘समुद्राचे पाणी’ या कामी चालत नाही, कारण त्यात बायकार्बोनेट नसते व सामू फार लवकर घसरतो. हवेच्या संपर्कातील शुद्ध पाण्याचा सामू सुमारे ५.६ असतो, तर त्याच हवेखालील समुद्राचा ८.१. हा फरक पाण्यातील क्षारांमुळे पडतो. खाण्याचा सोडा व व्हिनेगर यांपासून वायू मिळवला असल्यास व्हिनेगरची वाफही नळीतून जाऊन दर्शकाचा रंग बदलू शकते. म्हणून वायू आधी साध्या पाण्याच्या बाटलीतून न्यावा.

दिव्याखाली दोन बाटल्या ठेवून, CO₂ असलेली बाटली अधिक तापते असे दाखवणारा प्रयोग हरितगृह परिणामाचा पुरावा म्हणून दिला जातो. त्यात निरीक्षण बरोबर, पण कारण चुकीचे असते. CO₂ हवेपेक्षा जड असल्याने बाटलीतील व बाहेरील वायूंची सरमिसळ मंदावते आणि त्यामुळे उष्णता कोंडते. अवरक्त प्रारण न शोषणारा पण जड असलेला आरगॉन वापरला, तरी बाटली जवळपास तशीच तापते.