मिशांच्या टोकाकडे पाहा

देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरसारख्या गावात, हापूसच्या कलमांखाली गळून सडलेल्या आंब्यावर एक तपकिरी पाखरू पंख सपाट पसरून रस पिताना दिसतं. त्याचा फोटो पाहणाऱ्यांचा निवाडा बहुधा ठरलेला असतो: रंग मळकट, पंख उघडे, म्हणजे हा पतंग. पण ते बॅरन नावाचं फुलपाखरू आहे. त्याची अळी आंब्याच्याच पानावर वाढते आणि पानाच्या मधल्या शिरेवर अशी पडून राहते की शोधूनही सापडत नाही.

हाच फोटो मोठा करून डोक्याकडे पाहा. दोन शृंगिका, म्हणजे आपल्या बोलीतल्या मिशा, बारीक आणि सरळ असतात आणि टोकाला आगपेटीतल्या काडीच्या गुलासारख्या जाड होतात. ही गाठ दिसली की फुलपाखरू म्हणायला हरकत नाही. पतंगाची मिशी टोकाकडे निमुळती होते, नाहीतर पिसासारखी किंवा कंगव्यासारखी असते. पावसाळ्यात दिव्याखाली भिंतीवर येणाऱ्या अॅटलास पतंगाचा आकार पाहून लोक त्याला ‘दुर्मीळ महाकाय फुलपाखरू’ म्हणतात, पण त्या नराच्या मिशा नेच्याच्या पानासारख्या असतात.

‘पंख मिटलेले असतील तर फुलपाखरू’ हा नियम मला सगळ्यात कच्चा वाटतो. बरीच फुलपाखरं विसावताना पंख पाठीवर जुळवतात हे खरं, पण ऊन खाताना तीच पंख उघडून बसतात. पुष्कळ पतंग पंख कौलारू छपरासारखे अंगावर उतरते ठेवतात, मात्र काही पतंग फुलपाखरासारखे पंख वर मिटतात. म्हणजे फोटोत दिसते ती फक्त त्या क्षणाची बैठक.

रंगाचंही तसंच. सह्याद्रीत दिवसाढवळ्या उडणारा, निळ्या पंखांवर गडद ठिपके असलेला डिस्फॅनिया हा पतंगच आहे.

शरीराची ठेवण मदत करते, पण एकटी पुरत नाही. पतंगाचं अंग साधारणपणे जाड आणि लवदार, फुलपाखराचं सडपातळ. या हिशेबाने स्किपर फसवतात: जाड अंग, मोठं डोकं, तरी ती फुलपाखरंच. त्यांच्या मिशीची गाठ पुढे आकड्यासारखी वळलेली असते.

अपवाद मिशांनाही आहेत. युरोपातल्या बर्नेट पतंगांच्या मिशा टोकाकडे जाड होतात. आपल्याकडे खरी अडचण फोटोचीच येते. अगदी जवळून काढलेल्या फोटोत पंख स्पष्ट येतात आणि मिशांची टोकं पुसट होतात. विसावलेला पतंग तर अनेकदा मिशा पंखांखाली दडवतो. म्हणून एक फोटो वरून काढा, आणि दुसरा खाली बसून, बाजूने, डोक्यावर फोकस धरून. तरीही टोक दिसलं नाही, तर अंग आणि बैठक दोन्ही जुळवून पाहा, आणि नावापुढे ‘बहुधा’ लिहा.