आठ निरोगी माणसे आणि एक रुग्ण

समजा, एक निवृत्त शिक्षक आहेत, वय ६२. पक्षाघाताच्या झटक्यातून ते सावरले आहेत, हिंडतात-फिरतात, गप्पाही मारतात. पण नेमका शब्द ओठांवर यायला त्यांना वेळ लागतो, असे घरच्यांना वाटते. वाचा-उपचारतज्ज्ञ त्यांना ६० चित्रे दाखवते आणि प्रत्येकाचे नाव विचारते: विळी, कंदील, कासव, पाटा. सरांना ४८ नावे बरोबर सांगता येतात. हा आकडा कमी म्हणायचा का?

हे उदाहरण आणि त्यातले आकडे मी समजावण्यासाठी रचले आहेत. पण मेंदूच्या इजेनंतर माणसाचे नेमके काय हरवले, याचा शोध घेणाऱ्यांपुढे हा प्रश्न नेहमीच असतो. या शास्त्राचा बराच इतिहास एकेका रुग्णावर उभा आहे. पॉल ब्रोका यांनी १८६१ साली वाचा गेलेल्या लबोर्न्य नावाच्या रुग्णाचा मेंदू तपासला. १९५३ साली शस्त्रक्रिया झालेल्या हेन्री मोलेसन यांच्यामुळे स्मृतीबद्दलच्या कल्पना बदलल्या. मात्र या दोघांच्या बाबतीत बिघाड ढळढळीत होता. सरांसारख्या रुग्णात तो पुसटसा असतो, आणि तिथे नजरेवर विसंबून चालत नाही.

बाजारातल्या प्रमाणित चाचण्यांबरोबर हजारो निरोगी लोकांचे गुण छापलेले असतात. पण इंग्रजी शब्दांवर बेतलेले ते गुण मराठी शब्दांना लावता येत नाहीत, कारण कोणता शब्द किती ओळखीचा हे भाषेगणिक बदलते. म्हणून आपली तज्ज्ञ आठ निरोगी माणसे शोधते. सरांच्याच वयाची, तेवढेच शिकलेली, घरात मराठी बोलणारी. हा तिचा नियंत्रण गट. त्यांचे गुण येतात: ५२, ५५, ४९, ५७, ५१, ५४, ५६ आणि ५०. सरासरी भरते ५३. गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत हे सांगणारे प्रमाण विचलन येते सुमारे २.९३.

आता सोपी वाटणारी वाट अशी. सर सरासरीपेक्षा ५ गुणांनी खाली आहेत. ५ ला २.९३ ने भागले की १.७१ येतात, म्हणजे ते जवळजवळ पावणेदोन प्रमाण विचलने खाली आहेत. घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वक्राचा तक्ता उघडला, तर इतके खाली निरोगी माणसांपैकी फक्त ४.४ टक्केच असतात. पाच टक्क्यांच्या आत काही आले की ते योगायोगाने घडलेले मानायचे नाही, असा संशोधनातला रूढ संकेत आहे. त्यामुळे अहवालात लिहिले जाते: शब्द आठवण्यात दोष आहे.

चूक इथेच होते. तो तक्ता असे गृहीत धरतो की ५३ ही सगळ्या निरोगी, समवयस्क मराठी माणसांची खरी सरासरी आहे आणि २.९३ हे त्यांचे खरे विचलन आहे. प्रत्यक्षात हे आकडे आठच माणसांचे आहेत. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शिते आठच असली तर अंदाज चुकायला वाव मोठा असतो. दुसरी आठ माणसे बसवली असती, तर सरासरी ५१ किंवा ५५ आली असती. विचलनाचे तर त्याहून नाजूक. लहान गटात ते खऱ्यापेक्षा कमी येण्याची शक्यता जास्त येण्याच्या शक्यतेपेक्षा अधिक असते. विचलन कमी आले की रुग्ण आहे त्याहून दूर गेलेला दिसतो. त्यामुळे ही चूक एकाच बाजूला झुकते: माणूस आहे त्यापेक्षा जास्त असामान्य ठरतो. गणित करून पाहा. पाच जणांच्या गटाशी तुलना करताना ही सोपी रीत वापरली, तर शंभर निरोगी माणसांपैकी पाचांऐवजी सुमारे दहा जणांवर दोषाचा शिक्का बसतो. गट दहाचा असेल तर सात-आठ जणांवर बसतो. पन्नासच्या गटात मात्र फरक जवळजवळ उरत नाही.

लहान नमुन्याची ही अडचण जुनीच आहे. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीगृहात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने एक लेख प्रसिद्ध केला आणि त्यातून टी-वितरणाचा पाया घातला गेला. या वितरणाची शेपटे जाड असतात, म्हणजे नमुना लहान असताना टोकाचे आकडे जास्त वेळा येतील हे ते आधीच धरून चालते. एका रुग्णाच्या तुलनेसाठी ते कसे वापरावे, हे जॉन क्रॉफर्ड आणि डेव्हिड हॉवेल या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली दाखवले. सूत्र त्यांनी नव्याने शोधले नव्हते. सोकल आणि रोल्फ यांच्या जीवसांख्यिकीच्या पाठ्यपुस्तकात ते आधीपासून होते. पण रुग्ण तपासणाऱ्यांच्या हाती ते पोहोचले ते या दोघांमुळे.

```
t = (x − m) / (s × √((n + 1) / n))
```

यात x म्हणजे रुग्णाचे गुण, m आणि s म्हणजे नियंत्रण गटाची सरासरी व प्रमाण विचलन, आणि n म्हणजे गटातली माणसे. सुधारणा आहे ती वर्गमुळात. रुग्ण एकटाच असल्याने एका निरोगी माणसात दिसणारा नेहमीचा चढउतार धरावा लागतो, आणि सरासरीही अंदाजाने काढलेली असल्याने त्यात n वा एक भाग मिळवावा लागतो. आठ जणांसाठी ९ भागिले ८ चे वर्गमूळ १.०६ येते. त्याने २.९३ ला गुणले की ३.११ मिळतात. ५ ला ३.११ ने भागले की टी येतो १.६१, आणि सर सरासरीच्या खाली असल्याने तो ऋण धरायचा. मग प्रसामान्य वक्राऐवजी टी-वितरण पाहायचे, तेही गटातल्या माणसांपेक्षा एक कमी, म्हणजे ७ स्वातंत्र्यमात्रांचे. विचलन अंदाजाने काढल्याची भरपाई इथे होते. एक्सेलमध्ये हे एका ओळीत मिळते:

```
=T.DIST(-1.61, 7, TRUE)
```

उत्तर येते ०.०७६, म्हणजे ७.६ टक्के. पाच टक्क्यांची रेषा ओलांडली गेली. गुण तेच, माणसे तीच, पण ‘दोष आहे’ हा निष्कर्ष आता टिकत नाही.

७.६ टक्क्यांना आणखी एक उपयुक्त अर्थ आहे. सरांपेक्षा कमी गुण मिळवणारी निरोगी माणसे किती असतील, याचा तो अंदाज आहे. क्रॉफर्ड आणि संख्याशास्त्रज्ञ पॉल गार्थवेट यांनी २००२ साली या अंदाजाला मर्यादा लावण्याची रीतही दिली. आपल्या उदाहरणात ती मर्यादा ढोबळमानाने एक टक्क्याहून कमीपासून थेट चतुर्थांशापर्यंत पसरते. आठ माणसांच्या आधारे याहून बारकाईने बोलता येत नाही. अहवालात ही मर्यादा लिहिली, तर वाचणाऱ्याला पुरावा किती भक्कम आहे ते लगेच कळते.

याच्या उलट टोकाची चूकही होते. संगणकाच्या पॅकेजमध्ये ‘एका नमुन्याची टी-चाचणी’ असा पर्याय असतो. नियंत्रण गटाचे गुण त्यात भरून त्यांची तुलना ४८ शी केली, तर टी चक्क ४.८ च्या पुढे जातो आणि शक्यता हजारात एकाहूनही कमी दिसते. पण ही चाचणी वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते. निरोगी माणसांची सरासरी ४८ असू शकेल का, असे ती विचारते. एक निरोगी माणूस ४८ गुण मिळवू शकेल का, हा आपला प्रश्न तिला ठाऊकच नसतो. आपल्याच गटात एकाने ४९ मिळवले आहेत, हे पाहिले तरी हजारात एक हे उत्तर पटण्यासारखे नाही. टी अवास्तव मोठा दिसला, तर विचलनाला n च्या वर्गमुळाने भागले गेले आहे का, ते आधी तपासावे.

योग्य चाचणी वापरली तरी तिला काही अटी असतात. पहिली अट गुणांच्या पसरणीची. चित्रे फार सोपी निघाली आणि आठांपैकी सहा जणांना ६० व दोघांना ५९ गुण मिळाले असे समजू. विचलन अर्ध्या गुणाहूनही कमी येते. मग फक्त दोन नावे चुकलेला, ५८ गुणांचा माणूसही शक्यता अर्ध्या टक्क्यापर्यंत उतरल्याने सदोष ठरतो. इथे दोष चाचणीच्या छताचा आहे. गुणांना वर सरकायला जागाच उरलेली नाही. नियंत्रण गटाचे गुण कमाल गुणांना चिकटलेले दिसले, तर टीवर विश्वास ठेवू नये. अवघड चित्रे घालावीत, किंवा नाव सांगायला लागलेला वेळ मोजावा.

दुसरी मर्यादा ताकदीची. आठ जणांच्या गटाशी तुलना करून दोष ठरवायचा, तर रुग्ण सरासरीच्या किमान दोन विचलने खाली असावा लागतो. पाच जणांच्या गटात २.३ पेक्षा थोडे अधिक, वीस जणांच्या गटात १.८ च्या आसपास. म्हणजे लहान गट सौम्य बिघाड सहज निसटू देतो. सरांना ४८ ऐवजी ४७ गुण मिळाले असते, तर टी १.९३ झाला असता आणि रेषा जेमतेम ओलांडली गेली असती. एका चित्राच्या फरकावर माणसाला निरोगी किंवा आजारी ठरवणे बरोबर नाही. ‘दोष सिद्ध झाला नाही’ याचा अर्थ ‘दोष नाही’ असा होत नाही.

तिसरी गोष्ट दोन चाचण्यांच्या तुलनेची. नावे सांगण्यात रुग्ण कमी पडला, पण ऐकलेला शब्द पुन्हा म्हणण्यात नाही. एवढ्यावर या दोन क्षमता मेंदूत वेगळ्या आहेत असे लिहायचा मोह होतो. पण एक आकडा रेषेच्या किंचित खाली आणि दुसरा किंचित वर असेल, तर त्या दोघांत फरकच नसेल. तो फरक स्वतंत्रपणे तपासावा लागतो. त्यासाठी क्रॉफर्ड आणि गार्थवेट यांनी २००५ साली वेगळी चाचणी दिली, आणि तिला दोन्ही कामांमधला परस्परसंबंधही द्यावा लागतो. म्हणून नियंत्रण गटातल्या त्याच माणसांनी दोन्ही कामे केलेली असावीत.

आपल्या भाषेत मोठ्या प्रमाणित गटांचे गुण सहज मिळत नाहीत, तोवर लहान गटांवरच काम भागवावे लागेल. ते करायला हरकत नाही. फक्त तपासणी सुरू करण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात: नियंत्रण गट कसा निवडणार, रुग्ण कमीच पडेल असे आधीपासून मानणार आहोत का, आणि एकूण किती चाचण्या घेणार. अहवालात गटाची संख्या, सरासरी, विचलन, टी आणि टक्केवारीची मर्यादा हे सगळे द्यावे. ही पाच माहिती नसलेल्या अहवालात ‘दोष आढळला’ असे वाक्य दिसले, तर डॉक्टरांनी आणि रुग्णाच्या नातेवाइकांनीही पहिला प्रश्न हाच विचारावा: तुलना किती माणसांशी केली?