१८० ला कितीने गुणावे?

शिष्यवृत्तीच्या परीक्षेत मुलांना हमखास भेटणारा प्रश्न आहे: १८० ला लहानात लहान कोणत्या नैसर्गिक संख्येने गुणले, तर गुणाकार पूर्ण वर्ग येईल? बरीच मुले अंदाजाने सुरुवात करतात. दोनने गुणले की ३६० येतात. १९ चा वर्ग ३६१, म्हणजे एकाने हुकले. तीनने ५४०, चारने ७२०, दोन्ही वर्ग नाहीत. पाचने ९०० आणि तो तिसाचा वर्ग! उत्तर मिळाले, पण ते का आले हे कळले नाही. १८० च्या जागी १८८ असते, तर याच रीतीने ४७ पर्यंत जावे लागले असते.

कारण अवयवांत आहे. १८० ला दोनने भागा, ९० येतात. पुन्हा दोनने, ४५. मग तीनने १५, पुन्हा तीनने ५, आणि शेवटी पाचने १. म्हणजे १८० = २ × २ × ३ × ३ × ५. वर्ग म्हणजे एकच संख्या दोनदा घेऊन केलेला गुणाकार. त्यामुळे त्यातला प्रत्येक मूळ अवयव समसंख्येनेच येतो, त्याच्या जोड्या लागतात. इथे दोनची जोडी आहे, तीनची आहे, पाच मात्र एकटा उरला आहे. गुणणाऱ्या संख्येत पाच असल्याशिवाय त्याची जोडी लागणार नाही, म्हणून ती संख्या पाचाहून लहान असूच शकत नाही. आणि पाच पुरेसा आहे: प्रत्येक जोडीतून एकेक घेतला की २ × ३ × ५ = ३०, तेच ९०० चे वर्गमूळ.

खरी फसगत अवयव अर्धवट पाडल्यावर होते. समजा मुलाने १८० = २ × २ × ४५ एवढेच लिहिले आणि ४५ एकटा दिसला म्हणून ४५ ने गुणले. गुणाकार ८१०० येतो आणि तो खरोखरच ९० चा वर्ग आहे! ताळा बरोबर, उत्तर चूक. कारण या ताळ्यात फक्त वर्ग आहे की नाही एवढेच तपासले जाते, संख्या लहानात लहान आहे का ते नाही. त्यासाठी गुणणाऱ्या संख्येकडेच पाहावे. तिला ४, ९, २५ अशा एखाद्या वर्गाने पूर्ण भाग जात असेल, तर ती अजून लहान करता येते. ४५ ला ९ ने भाग जातो, उरतात ५. तसेच २० ने गुणल्यास ३६०० मिळतात, साठाचा वर्ग, पण २० मध्ये ४ दडलेले आहेत. पाचला मात्र असा कोणताच वर्ग भागत नाही.

प्रश्न उलटा आला, १८० ला लहानात लहान कितीने भागले तर पूर्ण वर्ग येईल, तरी उत्तर पाचच. एकट्या अवयवाला जोडीदार द्या किंवा त्याला काढून टाका. भागल्यावर ३६ उरतात. घन करायचा असेल तर मात्र पाच पुरत नाही. तिथे तिघातिघांचे गट लागतात, म्हणून एक दोन, एक तीन आणि दोन पाच कमी पडतात: २ × ३ × ५ × ५ = १५०. गुणाकार २७०००, म्हणजे तिसाचा घन.

घरी मुलांना आता २५२ देऊन पाहा. उत्तर ७ यायला हवे. ६३ आले, तर अवयव मध्येच थांबले आहेत.